दहा रुपयांचा निरोप

कोथरूडला माझा डब्यांचा व्यवसाय आहे. रविवार सोडून रोज दुपारी ५८ डबे जातात. एका डब्यात चार पोळ्या, भाजी, उसळ किंवा आमटी, भात आणि कोशिंबीर. पोळ्या लाटायला आणि चिरायला दोन ताई येतात, डबे पोचवायला एक मुलगा आहे आणि फोडणी माझ्या हातची. २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे ऑक्टोबरात, मी डब्याचा दर ९० वरून १०० केला. दहा रुपयांची वाढ कळवायला मला जवळपास तीन आठवडे लागले. त्यातले बरेचसे दिवस निरोप लिहिण्यात आणि खोडण्यात गेले.

एवढं घाबरायला कारण होतं. त्याआधीची वाढ मी जून २०२२ मध्ये केली होती, ८० वरून ९०. तेव्हा वहीचं पान फाडून चिठ्ठ्या केल्या, ‘उद्यापासून डबा ९० रु.’ असं लिहिलं आणि प्रत्येक डब्याच्या झाकणाखाली एकेक सरकवली. अर्ध्या चिठ्ठ्या आमटीने भिजल्या. एका काकूंनी तर ती तमालपत्रासारखी बाजूला काढून ठेवली आणि आठ दिवसांनी मला विचारलं, हे काय होतं? पण खरा घोळ वेगळाच होता. महिन्याचे पैसे लोक एक तारखेलाच भरतात. मी ती चिठ्ठी टाकली महिन्याच्या मध्यावर आणि उरलेल्या दिवसांचा फरक मागायला लागले. शंभर-सव्वाशे रुपयांचा मामला, पण ज्याने पूर्ण महिन्याचे पैसे मोजून दिलेत त्याच्याकडे परत हात पसरायचा म्हणजे दिलेला शब्द मोडणंच. नऊ गिऱ्हाईकं गेली. जाताना एकानेही ‘महाग झालं’ असं म्हटलं नाही. ‘असं अचानक कसं काय’ एवढंच म्हणाले.

त्या धक्क्याने मी नंतर दोन वर्षं दर वाढवण्याचं नावच काढलं नाही. त्याऐवजी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते, कारण डबेवाल्या बायका हे सर्रास करतात. २०२४ च्या उन्हाळ्यात मी मापं आवळली. किलोभर कणकेत आमच्याकडे २६ पोळ्या होत, त्या ३० करायला सांगितल्या. भाजीचा डाव थोडा हलका केला. कोशिंबिरीत दाण्याचं कूट कमी पडायला लागलं. वाटलं, कोणाला कळतंय? जूनमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका पैसे द्यायला आले आणि शांतपणे म्हणाले, “वहिनी, पोळीतून हल्ली वर्तमानपत्र वाचता येतं.” बोलले ते एकटेच, पण ज्यांना कळलं आणि जे बोलले नाहीत ते किती असतील, या विचाराने मला रात्री झोप आली नाही. दर वाढवला तर माणूस एक दिवस चिडतो. पोळी पातळ झाली तर त्याला रोज दुपारी एक वाजता आपली आठवण येते, आणि ती चांगली नसते.

दुसऱ्या दिवसापासून किलोला २६ वर परत आले. मग मात्र आकडे मांडणं भाग होतं.

हिशोब मी तोवर कधी डब्यागणिक केलाच नव्हता. महिनाअखेर हातात उरेल ते आपलं, अशी पद्धत. धाकटी मुलगी कॉमर्सला आहे, तिने किराण्याची, भाजीची, गॅसची बिलं एका बाजूला आणि २०२२ ची जुनी वही दुसऱ्या बाजूला घेतली. २०२२ च्या जूनमध्ये एका डब्याला किराणा आणि भाजी मिळून ३६ रुपये लागत होते, गॅसचे ६, दोन ताईंच्या पगाराचे १२, पोचवण्याचे ८ आणि साबण-पाणी-पिशव्यांचे २. एकूण ६४. म्हणजे ९० मधले २६ मला उरत होते. २०२४ च्या सप्टेंबरात किराणा-भाजी ४४, गॅस ५, पगार १५, पोचवणं ९ आणि वरखर्च ३, मिळून ७६. उरले १४. आजच्या ५८ डब्यांनी महिन्याचा हिशोब धरला तर पूर्वीच्या एकोणचाळीस हजारांच्या जागी मला एकवीस हजार मिळत होते. पहाटे पाचला उठून, ओट्याचं भाडं न धरता.

या आकड्यांत एक गोष्ट मला अजिबात अपेक्षित नव्हती. गॅस उतरला होता! जून २०२२ मध्ये १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर २,१०० च्या वर गेलेलं होतं आणि आता ते सतराशे-साडेसतराशेला मिळत होतं. मी मात्र वर्षभर येईल त्याला ‘गॅस केवढा महागलाय’ म्हणून सांगत होते. व्यावसायिक सिलिंडरचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. वाढला की आपल्या लक्षात राहतो, उतरला की राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि तेल. १४ सप्टेंबर २०२४ पासून, म्हणजे ऐन गणपतीत, केंद्र सरकारने आयात खाद्यतेलावरची कस्टम ड्यूटी वाढवली. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर मूळ ड्यूटी शून्य होती ती २० टक्के झाली, रिफाइंडवर साडेबाराची साडेबत्तीस. आमच्या दुकानदाराने त्याच आठवड्यात १५ लिटरच्या डब्यामागे साडेतीनशे रुपये चढवले. सगळीकडे तेच बोलणं, टीव्हीवर तीच बातमी. मला वाटलं, हीच संधी. लोकांच्या डोक्यात तेल आहे, आपणही तेल म्हणावं आणि दर वाढवावा.

त्या भरात मी पहिला मसुदा लिहिला. तो मुलीने जपून ठेवलाय, अधूनमधून वाचून हसते. असा होता:

‘आमच्या सर्व प्रिय ग्राहकांना सप्रेम नमस्कार. गेली अनेक वर्षे आपण आमच्यावर जो विश्वास दाखवलात त्याबद्दल आम्ही आपले शतशः ऋणी आहोत. आपणास कल्पना आहेच की सध्या तेल, गॅस, भाजीपाला यांचे भाव गगनाला भिडले आहेत. अशा परिस्थितीत व्यवसाय चालवणे अतिशय कठीण झाले आहे. त्यामुळे अत्यंत जड अंतःकरणाने व नाइलाजास्तव आम्हाला दरात किंचित वाढ करावी लागत आहे. तरी आपण समजून घ्याल व सहकार्य कराल ही नम्र विनंती. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

मुलीने वाचला आणि विचारलं, “आई, किती रुपये वाढवलेस?”

“दहा.”

“ते लिहिलंय कुठे?”

खरंच नव्हतं लिहिलं. कधीपासून तेही नव्हतं. एवढ्या नमस्कार-चमत्कारात मुख्य गोष्टच राहून गेली होती. ‘किंचित’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, तो मनात वीस-पंचवीस धरून बसतो. ‘जड अंतःकरणाने’ वाचून तर मुलगी म्हणाली, “कोणी गेलंय असं वाटतं.” आणि ते ‘क्षमस्व’! गुन्हा केल्यासारखी माफी मागितली की समोरचाही आपल्याला गुन्हेगार समजायला लागतो. गैरसोय म्हणजे डबा उशिरा पोचणं. दर वाढणं ही गैरसोय नव्हे, तो व्यवहार आहे.

पण सर्वांत मोठी चूक दिराने दाखवली. त्यांचं छपाईचं काम आहे, कागदाचे भाव वरखाली होतात, त्यामुळे दर वाढवण्याचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त. ते म्हणाले, “वहिनी, तेल लिहू नका. तेल उतरलं की लोक विचारतील, आता दर उतरवता का? काय सांगाल?” मग त्यांनी तेलाचाच हिशोब करायला लावला. १५ लिटरचा डबा आम्हाला दहा दिवस पुरतो. दहा दिवसांत ५८० डबे जातात. साडेतीनशे भागिले ५८०. डब्यामागे साठ पैसे!

मी कितीतरी वेळ त्या साठ पैशांकडे बघत बसले. दहा रुपये वाढवायचे आणि कारण सांगायचं साठ पैशांचं. कोणी गणित केलं असतं तर मी तोंडावर आपटले असते. खरी वाढ कशात होती? डाळी, तांदूळ, कांदा, लसूण, दाणे, सगळ्यांत थोडी थोडी, मिळून आठ रुपये. आणि ताईंच्या पगारात तीन. दोघींचा पगार मी मधल्या काळात दोनदा वाढवला होता आणि तो काही तेलासारखा खाली येणार नाही. ते कारण खरं होतं, टिकणारं होतं, आणि सांगायला मला कमीपणाही वाटत नव्हता. निरोपात तेच घालायचं ठरलं. गॅसचा उल्लेख अर्थातच उडाला.

दहाच का, यावरही बरीच घासाघीस झाली. पाच वाढवले असते तर फार कोणी बोललं नसतं, पण वर्षभरात पुन्हा तोच उद्योग करावा लागला असता. लोक रकमेपेक्षा वारंवारतेला जास्त वैतागतात असं माझं मत आहे. पंधरा केले असते तर महिन्याचा आकडा २,७३० होत होता आणि आमच्या भागातल्या डब्यांपेक्षा मी चांगलीच वर गेले असते. शंभर हा आकडा हिशोबाला सोपा, महिन्याचे २६ डबे म्हणजे २,६००. आधी २,३४० होते.

मग भीती ही की किती जण जातील, आणि किती गेले तर चालतील. मी पाटीवर सोपा हिशोब केला होता: आता रोज ५८ डब्यांचे १४ प्रमाणे ८१२ रुपये उरतात, उद्या डब्यामागे २४ उरतील, म्हणजे ३४ डबे राहिले तरी तेवढेच मिळतील. चोवीस गिऱ्हाईकं गेली तरी चिंता नाही! मला एकदम हायसं वाटलं. मुलीने ते पुसून टाकलं. म्हणाली, चोवीस जण गेले तर तू ताईंना अर्धा पगार देणार आहेस का? पोचवणारा मुलगा अर्धे पैसे घेईल? पगार आणि पोचवणं मिळून रोजचे १,३९२ रुपये, डबे कमी झाले तरी ते तसेच राहणार. डब्याबरोबर कमी होतो तो फक्त किराणा, गॅस आणि वरखर्च, म्हणजे ५२ रुपये. तसा हिशोब केला तर शंभराच्या डब्यातले ४८ हाती येतात आणि पूर्वीइतकंच मिळवायला ४६ डबे लागतात. म्हणजे चोवीस नाही, बाराच जण गेलेले परवडणार होते. हा फरक आधी कळला म्हणून बरं, नाहीतर दहावं गिऱ्हाईक जाताना मी हसत निरोप दिला असता.

बारांचा आकडा कळल्यावर विद्यार्थ्यांचा विचार करावा लागला. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी पंधरा-सोळा मुलं माझ्याकडे डबा घेतात. घरून महिन्याला ठरावीक रक्कम येते, तिच्यात २६० रुपये वाढ म्हणजे त्यांच्या दृष्टीने खरोखर मोठी. ती एकमेकांच्या खोलीत राहतात, एक गेला की चार जातात. त्यांच्यासाठी तीन पोळ्या आणि भाजी एवढाच छोटा डबा ७० रुपयांत काढला. त्यात मला साधारण ३४ रुपये सुटतात, पूर्ण डब्यापेक्षा कमी, पण माणूस गेल्यापेक्षा जास्त. मुख्य म्हणजे, ज्याला वाढ झेपत नाही त्याला ‘बंद करतो’ म्हणण्याऐवजी दुसरं काहीतरी म्हणता येतं.

तारीख ठरवताना सासूबाईंनी पितृपक्षात असलं काही नको म्हणून सांगितलं. पाळतात त्या. मला ते सोयीचंच पडलं, मसुदा खोडायला वेळ मिळाला. दिवाळीला आम्ही ३१ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर बंद ठेवणार होतो, तेव्हा नवा दर ४ नोव्हेंबरपासून धरला. सुट्टीनंतर नव्याने सुरू होताना बदल फारसा टोचत नाही. निरोप मंगळवारी ८ ऑक्टोबरला पाठवायचा, दुपारी तीननंतर, म्हणजे डबा खाऊन झालेला असतो आणि मलाही फोन घ्यायला हात मोकळे असतात. दसरा १२ तारखेला होता, डब्यात श्रीखंड-पुरी जाणार होती. मुलगी म्हणाली त्याच दिवशी पाठवू, लोक खूश असतील. मी नाही म्हटलं. एका हाताने श्रीखंड वाढायचं आणि दुसऱ्याने बिल पुढे करायचं, हे लोकांच्या बरोबर ध्यानात येतं.

शेवटी गेलेला निरोप हा:

‘नमस्कार. ४ नोव्हेंबर २०२४ पासून पूर्ण डब्याचा दर ९० ऐवजी १०० रुपये होईल. महिन्याचे, म्हणजे २६ डब्यांचे, २,३४० ऐवजी २,६०० रुपये. ऑक्टोबरच्या पैशांत काही फरक नाही. ज्यांनी आगाऊ पैसे भरले आहेत त्यांना त्या काळासाठी जुनाच दर राहील.

याआधी दर जून २०२२ मध्ये बदलला होता. तेव्हापासून किराण्याचा खर्च आणि आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंचे पगार वाढले आहेत. डब्यातलं काहीही कमी होणार नाही: ४ पोळ्या, भाजी, उसळ किंवा आमटी, भात, कोशिंबीर, सगळं आहे त्याच मापाचं.

ज्यांना एवढा डबा लागत नाही त्यांच्यासाठी ३ पोळ्या आणि भाजी असा छोटा डबा ७० रुपयांत सुरू करत आहोत. छोटा डबा हवा असल्यास किंवा डबा थांबवायचा असल्यास २५ ऑक्टोबरपर्यंत कळवा. थांबवल्यास उरलेले पैसे आणि डब्याचं ३०० रुपये डिपॉझिट परत मिळेल. काही विचारायचं असेल तर दुपारी ३ ते ५ या वेळात फोन करा.’

डिपॉझिट परत मिळेल हे वाक्य लिहिताना हात अडखळला होता. आपणच दार उघडून दाखवतोय की काय? पण दिराचं म्हणणं पडलं की जायचंय त्याला दार माहीतच असतं. जाताना पैशांवरून वाद झाला तर तो बिल्डिंगभर सांगत फिरतो, नीट गेला तर चार महिन्यांनी परत येतो.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ‘उद्याची भाजी’ सांगायला. त्यावर निरोप टाकला नाही. ग्रुपवर एकाने ‘फार होतंय’ म्हटलं की ज्यांना काही वाटलेलं नसतं त्यांनाही वाटायला लागतं. ब्रॉडकास्ट लिस्टचाही विचार झाला, पण ज्यांनी आपला नंबर साठवलेला नाही त्यांना तो निरोप पोचतच नाही. विद्यार्थी कुठले नंबर साठवतात! शेवटी मुलीने ५८ जणांना एकेक करून, सुरुवातीला ज्याचं त्याचं काका-काकू-दादा घालून पाठवला. वयस्कर चौघांना मी आदल्या दिवशीच फोन केला. त्यांना मोबाइलवर एकदम आकडे दिसले की त्यांचा गोंधळ होतो. वर्तमानपत्रवाल्या काकांनाही केला. ते म्हणाले, “वाढवलेत ते ठीक केलंत. फक्त आता पोळी लाटताना हात आखडू नका.”

पहिल्या तासात वीसेक जणांचे अंगठे आणि ‘ओके’ आले. एवढी तीन आठवड्यांची तगमग, आणि उत्तर काय तर ओके. थोडा राग आला, खरं सांगते. एका ताईंनी फक्त विचारलं, छोट्या डब्यात चौथी पोळी मिळेल का. बाकीचे गप्प. गप्प म्हणजे होकार असं मी आधी धरलं होतं, पण तसं नसतं. त्यातल्या दोघांनी २५ तारखेला सकाळी बंद केल्याचं कळवलं.

सवलत मागणाऱ्यांची गंमत वेगळीच. एका सोसायटीत माझे सहा डबे जातात. तिथल्या काकूंनी फोन केला, “आम्ही पाच वर्षं घेतोय, आम्हाला आपला जुनाच ठेवा, कोणाला सांगणार नाही.” मी म्हटलं, “काकू, तुम्ही नाही सांगणार, पण पैसे देताना समोरच्या वहिनींनी विचारलं तर मी खोटं कशी बोलू?” त्या हसल्या आणि गप्प बसल्या. मनात आलं होतं, द्यावी सवलत, पाच वर्षांचं गिऱ्हाईक आहे. पण एकाच जिन्यात दोन दर लागले की वाढ मान्य करणारा मूर्ख ठरतो. ज्याने निमूट ‘ओके’ म्हटलं त्यालाच शिक्षा, असं होतं ते.

दोन गोष्टी फसल्या. पहिली माझ्या शब्दांनी. त्याच रात्री साडेदहाला एका गिऱ्हाइकाने ९,३६० रुपये पाठवले, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जुन्या दराने चार महिने. ‘ज्यांनी आगाऊ पैसे भरले आहेत’ असं मी लिहिलं होतं, कोणत्या तारखेपर्यंत भरलेले ते लिहिलं नव्हतं. मुलगी भांडायच्या तयारीत होती. पण वाक्य माझं होतं आणि त्याने ते नीट वाचलं होतं. ठेवले पैसे. चार महिन्यांत मला १,०४० रुपयांचा फटका बसला. ‘आजपर्यंत’ एवढा एकच शब्द हवा होता. दुसऱ्या दिवशी आणखी कोणी तसं करायच्या आत तिने उरलेल्यांना ‘८ ऑक्टोबरपर्यंत भरलेले’ अशी दुरुस्ती पाठवली.

दुसरी चूक माझ्या लक्षातच आली नव्हती. एका आजींचा डबा आहे, पैसे मुलगा बेंगळुरूहून पाठवतो. मी आजींना फोन केला, समजावलं, त्या ‘बरं बरं’ म्हणाल्या. नोव्हेंबरला मुलाकडून २,३४० च आले. त्याला काहीच माहीत नव्हतं. खाणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, असे माझ्याकडे पाच डबे निघाले. अशा वेळी निरोप दोघांना जायला हवा, खाणाऱ्याला डब्याचा आणि देणाऱ्याला आकड्याचा. त्या मुलाकडे मी नोव्हेंबरचा फरक मागितला नाही, २०२२ ची चिठ्ठी आठवली.

नोव्हेंबरच्या शेवटी हिशोब लागला. चौघं गेले, त्यातला एक परीक्षा संपवून गावी. सात जण छोट्या डब्यावर आले, सहा विद्यार्थी आणि चौथी पोळी मागणाऱ्या त्या ताई. पूर्ण डबे राहिले ४७. पूर्ण महिना धरला तर माझ्या हाती साधारण साडेअठ्ठावीस हजार येत होते. २०२२ चे एकोणचाळीस काही परत आले नाहीत, पण एकवीसवरून इथवर आले. फेब्रुवारीत गेलेल्यांपैकी एकाचा फोन आला, डबा आहे का म्हणून. त्याचं डिपॉझिट मी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी परत केलं होतं.

मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरची तीच ड्यूटी २० वरून १० टक्क्यांवर आली. दोन दिवसांनी वर्तमानपत्रवाल्या काकांनी व्हॉट्सॲपवर बातमीचं कात्रण पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘वहिनी, तेल उतरलं. आता डबा ९० ला का?’

माझ्या निरोपात तेलाचा त-सुद्धा नव्हता, त्यामुळे मी निर्धास्त होते. तरी त्यांना सगळं गणित लिहून पाठवलं: १५ लिटरचा डबा, दहा दिवस, ५८० डबे. तेल सगळं पूर्वीच्या भावाला आलं तरी तुमचे डब्यामागे साठ पैसे वाचतात काका, ते महिन्याला साडेपंधरा रुपये होतात, हवे तर देते.

त्यांचं उत्तर आलं, ‘पैसे नकोत. साठ पैशांची कोथिंबीर घाला.’

तेव्हापासून त्यांच्या आमटीवर ती पडते, ताई चिमूट टाकताना ‘काकांचे साठ पैसे’ असं म्हणतात.